दाबलेल्या फोटोतला उसना चेहरा

नोव्हेंबर २०२३ मध्ये एक छोटा व्हिडिओ देशभर फिरला. एक तरुणी लिफ्टमध्ये शिरते आणि तिचा चेहरा अभिनेत्री रश्मिका मंदानाचा आहे. प्रत्यक्षात तो दुसऱ्याच एका महिलेचा व्हिडिओ होता. तिने तो ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकला होता आणि कुणीतरी त्यावर रश्मिकाचा चेहरा चढवला होता. पुढे जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी या प्रकरणी एका तरुणाला अटक केली. बनवाबनवी उघडकीला आली ती मात्र दोन साध्या गोष्टींमुळे. सुरुवातीच्या क्षणाला, ती लिफ्टच्या दारातून आत येते तेव्हा, मूळ चेहरा क्षणभर दिसतो आणि मग झटकन बदलतो, हे कुणाच्या तरी नजरेनं टिपलं. आणि मूळ व्हिडिओ शोधून काढता आला. चेहऱ्याच्या पिक्सेलवरून ‘हा खोटा’ असा निकाल देणाऱ्या डिटेक्टरची इथे गरजच पडली नाही.

गरज पडली असती, तर तो किती उपयोगी ठरला असता? माझ्या मते फारसा नाही. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ‘डिटेक्टर अजून कच्चे आहेत, सुधारतील’ एवढं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. चेहरा बदलल्याचा जो पुरावा डिटेक्टर शोधतो, तो फोटोच्या नेमक्या त्याच भागात असतो जो समाजमाध्यमं फोटो दाबताना फेकून देतात.

आधी हे नुकसान किती मोठं आहे ते पाहू. २०१९ मध्ये म्युनिक आणि नेपल्स इथल्या संशोधकांनी फेसफॉरेन्सिक्स++ नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. यूट्यूबवरचे एक हजार खरे व्हिडिओ, त्यांच्यावर चार वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले फेरफार, आणि या सगळ्याच्या तीन प्रती: एक न दाबलेली, एक थोडी दाबलेली आणि एक खूप दाबलेली. दाबण्याची पद्धत व्हिडिओसाठी सर्रास वापरली जाणारी एच.२६४ हीच. संशोधकांनी एक्सेप्शन नावाचं न्यूरल नेटवर्क प्रत्येक दर्जासाठी त्याच दर्जाच्या चित्रांवर शिकवलं. न दाबलेल्या चित्रांवर ते ९९ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरलं, थोड्या दाबलेल्यांवर जवळपास ९६ टक्के, आणि खूप दाबलेल्यांवर ८१ टक्के. पिक्सेलमधला बारीक गोंगाट मोजणारी जुनी पद्धत न दाबलेल्या चित्रांवर ९७ टक्क्यांच्या पुढे होती. खूप दाबलेल्यांवर ती ५६ टक्क्यांवर आली. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतात.

याच अभ्यासात माणसांचीही परीक्षा घेतली होती. ती न दाबलेल्या चित्रांवर साधारण ६९ टक्के आणि खूप दाबलेल्यांवर ५९ टक्के बरोबर निघाली. म्हणजे माणसाची घसरण दहा टक्क्यांची आणि गोंगाट मोजणाऱ्या यंत्राची चाळीसहून जास्त. माणूस मुळातच फारसा हुशार नव्हता, पण तो जे पाहत होता ते दाबल्यानंतरही बऱ्यापैकी शिल्लक होतं. यंत्र जे पाहत होतं ते उरलंच नाही.

मग यंत्र नेमकं काय पाहतं? चेहरा बदलण्याची कृती थोडक्यात अशी असते. फोटोतला चेहरा शोधायचा, सरळ करून चौकटीत कापायचा, नेटवर्ककडून त्या जागी दुसऱ्याचा चेहरा तयार करून घ्यायचा, तो मूळ कोनात फिरवून परत चिकटवायचा आणि कडा मऊ करून रंग जुळवायचे. यातल्या प्रत्येक पायरीला काहीतरी खूण राहते. नेटवर्क लहान चित्रातून मोठं चित्र बनवतं तेव्हा कधीकधी बुद्धिबळाच्या पटासारखी अतिशय पुसट नक्षी उमटते. चिकटवलेल्या कडेच्या आतला आणि बाहेरचा गोंगाट जुळत नाही, कारण बाहेरचा गोंगाट कॅमेऱ्याच्या सेन्सरमधून आलेला असतो आणि आतला नसतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेली ‘फेस एक्स-रे’ ही पद्धत याच कडेच्या शोधात असते. नवा चेहरा कुणी, कसा बनवला याच्याशी तिला कर्तव्य नसतं, तो कुठेतरी चिकटवला आहे एवढं तिला पुरतं. कल्पना सुरेख आहे. पण कमी रेझोल्यूशनच्या चित्रांवर आपली पद्धत ढेपाळते, हे त्या संशोधकांनीच कबूल केलं आहे.

या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि गोची तिथेच आहे. जेपीईजी ही फोटो दाबण्याची पद्धत १९९२ मध्ये प्रमाणित झाली तेव्हा तिच्यामागचा विचारच हा होता की, डोळ्याला जे दिसत नाही त्यावर जागा खर्च करू नये. खोटेपणाची खूण डोळ्याला दिसत नाही म्हणूनच तर आपल्याला यंत्र लागतं, आणि त्याच कारणामुळे जेपीईजी ती खूण पुसतं.

हे आकडे घालून पाहू, कारण एकदा हिशेब केला की शंका उरत नाही. जेपीईजी फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातले ६४ पिक्सेल ते ६४ ठरावीक नक्ष्यांच्या मिश्रणात मांडतं. पहिली नक्षी म्हणजे सपाट रंग, पुढच्या हळूहळू बारीक होत जाणाऱ्या लाटा आणि शेवटची जवळजवळ बुद्धिबळाचा पट. प्रत्येक नक्षीचं प्रमाण म्हणजे एक आकडा. हा आकडा एका तक्त्यातल्या भाजकानं भागून जवळच्या पूर्णांकात बसवला जातो. फोटो उघडताना तो पूर्णांक पुन्हा त्याच भाजकानं गुणला जातो. मधे जे तुटलं ते गेलं. जाडसर नक्ष्यांचे भाजक लहान असतात आणि बारीक नक्ष्यांचे मोठे.

आता समजा, बदललेल्या गालावरच्या एका चौकोनात नेटवर्कनं पटासारखी नक्षी सोडली आहे. त्वचेची चमक १२० आहे, तर एक पिक्सेल १२२, शेजारचा ११८, मग पुन्हा १२२. डोळ्याला हा फरक दिसत नाही. यंत्राला अशा शेकडो चौकोनांची ही खूण पुरेशी असते. या चौकोनाचा हिशेब केला तर शेवटच्या, सगळ्यात बारीक नक्षीचा आकडा साधारण १३.१ येतो आणि सपाट नक्षी सोडून बाकीचे सगळे त्याहून बरेच लहान. जेपीईजीच्या नेहमीच्या तक्त्यात दर्जा ९० ठेवला तर या नक्षीचा भाजक २० असतो. १३.१ भागिले २० म्हणजे ०.६६, जवळचा पूर्णांक १. खूण वाचली, थोडी फुगली इतकंच. दर्जा ८५ ला भाजक ३० होतो, ०.४४, जवळचा पूर्णांक शून्य. दर्जा ७५ ला भाजक ५०, ०.२६, पुन्हा शून्य. शून्याला कशानेही गुणा, नक्षी परत येत नाही. ७५ दर्जाला ही खूण टिकायची तर पिक्सेलमधला चढउतार अधिक-उणे दोनऐवजी जवळपास चार हवा. चांगलं नेटवर्क इतकी ठळक खूण सोडत नाही.

या उदाहरणात खूण हळूहळू पुसट होत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ९० पर्यंत ती आहे आणि ८५ ला ती नाही. म्हणून तर एकाच खोट्या फोटोवर डिटेक्टर एकदा छातीठोकपणे ‘बनावट’ म्हणतो आणि किंचित जास्त दाबलेल्या प्रतीवर तितक्याच छातीठोकपणे ‘खरा’ म्हणतो. (प्रत्येक ॲप आपला तक्ता आणि दर्जा स्वतः ठरवतं, त्यामुळे हा उंबरठा सगळीकडे याच आकड्यांवर असेल असं नाही.) रंगाचं तर आणखी वाईट. दाबताना रंगाची माहिती सहसा आडवी-उभी निम्मी केली जाते, म्हणजे चार पिक्सेलना मिळून रंगाचा एकच नमुना उरतो. हनुवटीच्या कडेला चेहऱ्याची आणि मानेची छटा जिथे जुळत नाही, ती रेघ अशी सारवली जाते.

दाबण्याच्याही आधी एक गोष्ट घडते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं: फोटो लहान केला जातो. फोनचा कॅमेरा साधारण चार हजार बाय तीन हजार पिक्सेलचा फोटो काढतो. इन्स्टाग्रामवर तो १०८० पिक्सेल रुंदीचा होतो. व्हॉट्सॲपवर ‘एचडी’ निवडलं नाही तर तोही बराच लहान होऊन जातो. आणि एचडीचा पर्याय आलाच मुळी २०२३ मध्ये.

लहान केल्यानं काय बिघडतं ते चेहरा बदलण्याच्या एका लोकप्रिय मॉडेलवरून कळेल. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच साधनांच्या पोटात `inswapper_128` नावाचं मॉडेल असतं. नावातच आहे: ते चेहरा १२८ बाय १२८ पिक्सेलचाच बनवतं. मूळ फोटोत चेहरा ९०० पिक्सेल रुंद असेल तर हा छोटा चेहरा सातपट ताणून चिकटवावा लागतो. मग कपाळावरचे केस, कानातले डूल, गळ्यातल्या माळेचे मणी धारदार दिसतात आणि त्यांच्यामधला चेहरा मात्र मेणासारखा. वर चेहरा ‘सुधारणारं’ दुसरं मॉडेल फिरवलं तर त्वचेवर कृत्रिम पोत येतो, पण तोही आसपासच्या पोताशी जुळत नाही. हा विजोडपणा डिटेक्टरला सहज सापडतो. सवयीच्या माणसालाही सापडतो.

तोच फोटो १६०० पिक्सेलपर्यंत लहान केला की चेहरा ३६० पिक्सेलचा होतो. ताण सातपटीवरून तिपटीच्या खाली आला. आता लग्नातला समूहफोटो घ्या. मागच्या रांगेतल्या काकांचा चेहरा मुळात २०० पिक्सेलचा, तो लहान होऊन ८० वर येतो. १२८ पिक्सेलचा बनावट चेहरा इथे ताणला गेलेलाच नाही, उलट आक्रसला आहे. आसपासचे केस आणि फेटा जेवढे धारदार तेवढाच चेहराही धारदार. विजोडपणाची खूण तिथे असण्याचं कारणच उरलं नाही. पुढे डिटेक्टर तो ८० पिक्सेलचा तुकडा कापतो आणि स्वतःला लागतो त्या मापाला, एक्सेप्शनच्या बाबतीत २९९ पिक्सेलला, फुगवतो. म्हणजे त्याला दिसणारे बहुतेक पिक्सेल त्या फुगवण्यातून आलेले असतात.

फोटो जितक्या वेळा फिरतो तितका तो बिघडतो असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. त्याच चौकोनांवर, त्याच दर्जाला पुन्हा दाबलं तर फारसं नवं नुकसान होत नाही, कारण आकडे आधीच त्या भाजकांच्या पटीत बसलेले असतात. घात होतो तो स्क्रीनशॉट, कापाकापी आणि आकार बदलल्यामुळे. त्यानं आठ बाय आठचं जाळं सरकतं आणि पुढच्या वेळी नव्या चौकोनांवर नव्यानं भागाकार होतो. इन्स्टाग्रामवरून स्क्रीनशॉट, तिथून व्हॉट्सॲप, तिथून फेसबुक, असा प्रवास केलेल्या फोटोत तीन जाळ्यांचे अवशेष एकमेकांत मिसळलेले असतात. त्यातली कुठली कड चेहरा चिकटवल्याची आणि कुठली जेपीईजीची, हे यंत्राला सांगता येणं अवघड होतं.

आणि इथून उलट्या बाजूची चूक सुरू होते, जिची मला जास्त काळजी वाटते. खूप दाबलेला खरा चेहरा सपाट होतो. त्वचेची छिद्रं जातात आणि गालावर चौकोनी ठिपके पडतात. त्यात फोनच्या कॅमेऱ्यानं आपणहून चेहरा गुळगुळीत केलेला असतो. डिटेक्टरच्या शिकवणीत ‘चेहरा सपाट, आजूबाजू धारदार’ म्हणजे बनावट असं बसलेलं असेल, तर खऱ्या माणसाचा खरा फोटो तो बनावट ठरवेल. एखाद्या बाईनं छळाचा पुरावा म्हणून दिलेला खरा फोटो ‘एआयनं बनवलेला’ ठरला, तर तो निकाल उलटवायला तिच्याकडे काय साधन आहे?

खूप दाबलेल्या चित्रांवरच्या त्या ८१ टक्क्यांचा अर्थ या बाजूनं पाहा. समजा, डिटेक्टर खऱ्या आणि खोट्या दोन्ही फोटोंवर ८१ टक्के बरोबर आहे. तपासायला आलेल्या हजार फोटोंत दहा बनावट आहेत. तो त्यातले आठ पकडेल. उरलेल्या ९९० खऱ्या फोटोंपैकी १८८ वर तो बनावट असा शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्या १९६ फोटोंतले आठच खरोखर बनावट. चाचणीच्या संग्रहात खरे-खोटे यांचं प्रमाण कृत्रिम असतं, त्यामुळे तिथला टक्का वाचून हे लक्षात येत नाही.

शिकवणीतही एक सापळा आहे, आणि त्यात चांगले चांगले संशोधक अडकले आहेत. जेनइमेज हा एआय-चित्रं ओळखण्यासाठी वापरला जाणारा मोठा संग्रह. त्यातली खरी चित्रं जेपीईजीत दाबलेली होती आणि बनावट चित्रं न दाबलेल्या पीएनजी स्वरूपात होती. २०२४ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिलं की त्यावर शिकलेले डिटेक्टर बऱ्याच अंशी दाबण्याच्या खुणा आणि चित्राचं माप यांवरूनच निकाल देत होते. दाबलेलं म्हणजे खरं, न दाबलेलं म्हणजे खोटं. हे उदाहरण चेहऱ्यांच्या अदलाबदलीचं नाही, पण धोका तोच आहे. असा डिटेक्टर परीक्षेत पहिला येतो आणि व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक फोटो त्याला खराच वाटतो.

उपाय शोधले गेलेच नाहीत असं नाही. सगळ्यात साधा म्हणजे शिकवतानाच चित्रं वेगवेगळ्या दर्जांना दाबून, धूसर करून, लहान करून दाखवणं. २०२० मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी दाखवलं की एवढ्यानंही डिटेक्टर बऱ्यापैकी टणक होतो. दक्षिण कोरियातल्या एका गटानं दुसरा मार्ग घेतला: स्वच्छ चित्रांवर शिकलेलं नेटवर्क गुरू, दाबलेल्या चित्रांवर शिकणारं नेटवर्क शिष्य, आणि हरवलेल्या बारीक लाटांकडे कुठे लक्ष द्यायचं हे गुरूनं शिष्याला दाखवायचं. तिसरा मार्ग पिक्सेल सोडून हालचालीकडे पाहण्याचा. ओठांची हालचाल बोलण्यासारखी आहे का, हे पाहणारी पद्धत दाबल्यानंतरही तुलनेनं टिकते, कारण ओठांची हालचाल ही मोठी गोष्ट आहे, बारीक नक्षी नव्हे. पण स्थिर फोटोत हालचाल कुठली?

या सगळ्यांना एक मर्यादा आहे आणि ती हुशारीनं ओलांडता येत नाही. आपल्या गालावरच्या चौकोनाकडे परत या. पटाची नक्षी असलेला बनावट चौकोन आणि ती नसलेला खरा चौकोन, दोन्ही ७५ दर्जाला दाबल्यावर अगदी एकसारखे होतात. प्रत्येक आकडा तोच. दोन एकसारख्या गोष्टींत फरक करू शकेल असं नेटवर्क कुणी बांधू शकत नाही. दाबलेल्या चित्रांवर शिकवल्यानं डिटेक्टर पुसलेल्या खुणेच्या नादी लागणं सोडतो आणि उरलेल्या जाड खुणा पाहतो, जसं दोन डोळ्यांतली न जुळणारी चमक, कानापाशी वाकलेली चष्म्याची काडी, प्रकाशाची दिशा. त्या नसतील तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

फेसबुकनं २०१९-२० मध्ये घेतलेल्या डिटेक्टरच्या मोठ्या स्पर्धेत हेच वेगळ्या रूपात दिसलं. दोन हजारांहून अधिक स्पर्धक होते. उघड्या चाचणीसंचावर पहिलं आलेलं मॉडेल जवळपास ८३ टक्के बरोबर होतं, तर आधी न दाखवलेल्या व्हिडिओंच्या संचावर सगळ्यांत वरचं मॉडेल ६५ टक्क्यांवर थांबलं. तिथे दाबणं हे एकच कारण नव्हतं, न पाहिलेल्या पद्धतीही होत्या. पण प्रत्यक्षात फिरणाऱ्या फोटोत ही दोन्ही कारणं एकत्रच येतात.

मग पत्रकारानं, वकिलानं किंवा सायबर शाखेतल्या माणसानं डिटेक्टरचा आकडा वाचायचा कसा? पहिली गोष्ट, फाइल कुठल्या अवस्थेत हातात आली आहे ते बघायचं. इमेजमॅजिक हे फुकट साधन रुंदी, उंची आणि जेपीईजीच्या दर्जाचा अंदाज सांगतं:

```
identify -format '%w %h %Q\n' photo.jpg
```

इथे दिसणारा दर्जा शेवटच्या वेळी दाबल्याचा असतो. फोटो आधी ६० ला दाबून मग ९५ ला साठवला असेल तर उत्तर ९५ येईल, हे विसरायचं नाही. चेहऱ्याची रुंदी मात्र स्वतः मोजायची. ती शंभर पिक्सेलच्या आसपास किंवा खाली असेल तर मी डिटेक्टर चालवणारच नाही.

दुसरी गोष्ट, डिटेक्टरचीच परीक्षा घ्यायची. त्याच फोनचा, त्याच वाटेनं आलेला, खरा असल्याची खात्री असलेला फोटो घ्यायचा आणि तोही त्यातून काढायचा. तोही ‘बनावट’ निघाला तर पहिल्या निकालाला अर्थ नाही. मग संशयित फोटोची थोडी अधिक दाबलेली प्रत बनवायची:

```
magick photo.jpg -resize '1600x1600>' -quality 75 chachni.jpg
```

दर्जा ८५, ८०, ७५ असा बदलत निकाल पाहायचा. चेहरा तोच असताना आकडा ०.९ वरून ०.२ वर उडी मारत असेल, तर तो आकडा जेपीईजीबद्दल बोलतो आहे, चेहऱ्याबद्दल नाही.

एक चूक मात्र कटाक्षानं टाळायची. फोटो धूसर आहे म्हणून तो एआयच्या ‘एन्हान्स’ साधनातून स्वच्छ करून मग डिटेक्टरला द्यायचा नाही. ते साधन हरवलेली त्वचा परत आणत नाही. ते नवी त्वचा काढतं. खऱ्या चेहऱ्यावर स्वतःच्या हातानं नेटवर्कची खूण उमटवायची आणि मग ती सापडली म्हणून बोट दाखवायचं, असा तो प्रकार होतो.

लहान, दाबलेल्या फोटोबाबत ‘या फाइलवरून ठरवता येत नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे, आणि अहवालात ते तसंच लिहिलं गेलं पाहिजे. त्यानंतरचं काम फोटोच्या बाहेरचं असतं. फोटो पहिल्यांदा कुणाकडे आला, कुठल्या ग्रुपवर, किती वाजता, ते विचारायचं. उलट शोध घेऊन शरीर, कपडे, खोली जुळणारा जुना फोटो सापडतो का ते पाहायचं, कारण चेहरा बदलणारा सहसा बाकीचं चित्र तसंच ठेवतो. आणि ज्याच्या फोनवर मूळ फोटो असेल त्याच्याकडून तो व्हॉट्सॲपवर मागवायचा तर फोटो म्हणून नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवायचा. तसा पाठवला की फाइल जशीच्या तशी येते, चार हजार पिक्सेलची, एकदाच दाबलेली. गालावरची ती अधिक-उणे दोनची नक्षी असलीच, तर त्या फाइलमध्ये असण्याची शक्यता आहे.